बहुपदींचा भागाकार चुकला, पण कोणत्या ओळीत? चूक शोधण्याची रीत

अडचण नेहमीची आहे. नववीचा विद्यार्थी बहुपदीला x² − 2x + 3 सारख्या भाजकाने भागतो. कागदावर सगळं व्यवस्थित दिसतं, पण शेवटची बाकी पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. मग तो सगळं खोडतो आणि पहिल्यापासून मांडतो. दुसऱ्या वेळीही बहुतेक तीच बाकी येते, कारण हात त्याच जागी तीच चूक पुन्हा करतो. नागपुरात महालमध्ये माझ्याकडे संध्याकाळी गणिताला येणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी दरवर्षी ऐकते: "मॅडम, दोनदा केलं, तरी बाकी काहून जुळून नाही राहिली?"

मी त्यांना आधी खोडरबर बाजूला ठेवायला सांगते. चुकलेला भागाकार पुसून टाकला की चुकीचा पत्ताही पुसला जातो. तो तसाच ठेवला आणि त्याचा ताळा घेतला, तर कोणत्या रकान्यात, कोणत्या ओळीत आणि कोणत्या प्रकारची चूक झाली हे बरेचदा थेट वाचता येतं. ते कसं वाचायचं, ते इथे एकाच उदाहरणावर दाखवते. भागाकाराच्या वर येणाऱ्या उत्तराला मी भागफल म्हणेन, म्हणजे 'भागाकार' ही क्रिया आणि तिचं उत्तर यांत गोंधळ होणार नाही.

उदाहरण: 2x⁴ − 3x³ + 5x − 7 ला x² − 2x + 3 ने भागायचं आहे. इथे संश्लेषक पद्धत थेट चालत नाही, कारण भाजक x − a या रूपाचा नाही. मांडूनच भागावं लागतं. आधी बरोबर केलेला भागाकार पाहू.

```
                2x²  +  x   −  4
               ___________________________
x² − 2x + 3 )  2x⁴ − 3x³ + 0x² + 5x −  7
               2x⁴ − 4x³ + 6x²
               ----------------
                      x³ − 6x² + 5x
                      x³ − 2x² + 3x
                      --------------
                         − 4x² + 2x −  7
                         − 4x² + 8x − 12
                         ----------------
                               − 6x +  5
```

भागफल 2x² + x − 4, बाकी −6x + 5.

आता एका मुलाच्या वहीतलं पाहा. पहिल्या वजाबाकीत −3x³ मधून −4x³ वजा करायचे होते. उणे उणे अधिक होऊन x³ यायला हवं होतं. त्याने दोन्ही उणे एकत्र करून −7x³ लिहिलं. पुढे मात्र त्याने एकही चूक केली नाही. त्यामुळे त्याला भागफल 2x² − 7x − 20 आणि बाकी −14x + 53 मिळाली. बरोबर उत्तराशी हे ताडून पाहिलं तर पहिलं पद सोडून काहीच जुळत नाही, आणि मुलाला वाटतं की सगळंच बिघडलं. बिघडलं आहे एकच चिन्ह.

त्याला त्याचंच भागफल भाजकाने गुणायला आणि त्याचीच बाकी त्यात मिळवायला सांगितलं. (x² − 2x + 3)(2x² − 7x − 20) चा गुणाकार 2x⁴ − 11x³ + 0x² + 19x − 60 येतो. त्यात −14x + 53 मिळवले की होतं:

2x⁴ − 11x³ + 0x² + 5x − 7

हे मूळ भाज्याच्या शेजारी ठेवा. x⁴ जुळतं, x² जुळतं, x जुळतं, स्थिरपद जुळतं. फक्त x³ च्या रकान्यात −3 च्या जागी −11 आहे. ताळ्यात आलेल्या बहुपदीतून मूळ भाज्य वजा केलं की फरक उरतो −8x³.

असं का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. चूक झाल्यानंतर त्या मुलाने जे जे केलं ते बरोबरच केलं, म्हणजे त्याने अचूक भागाकार केला, फक्त दुसऱ्याच बहुपदीचा. भाज्यात −3x³ ऐवजी −11x³ असतं, तर त्याच्या वहीतली प्रत्येक ओळ बरोबर ठरली असती. एखादं पद b वजा करण्याऐवजी मिळवलं, की त्या रकान्यात 2b इतका फरक पडतो आणि तो शेवटपर्यंत तसाच राहतो. म्हणून ताळ्यातला फरक निम्मा करायचा. −8x³ चा निम्मा −4x³. आता वजा केल्या जाणाऱ्या ओळींत −4x³ कुठे आहे ते शोधायचं. ते पहिल्याच ओळीत आहे, आणि चूक तिथेच आहे.

याचा व्यवहारातला फायदा असा की चूक सापडली त्या ओळीच्या वरचं काहीही पुन्हा करावं लागत नाही. तिच्या खालचं मात्र सगळं पुन्हा करावं लागतं, कारण पुढची पदं त्या चुकीच्या −7x³ वरूनच ठरलेली असतात.

आता दुसरा प्रकार, जो मला याहून अधिक वेळा दिसतो. मुलगी पहिल्या दोन ओळी बरोबर करते. तिसऱ्या ओळीत −4x² + 2x − 7 मधून −4x² + 8x − 12 वजा करायचे असतात. पहिली पदं एकमेकांना कापतात, ती कापल्याचं समाधान होतं, आणि उरलेली पदं ती नकळत मिळवते. बाकी येते 10x − 19. ताळा घेतला की फरक निघतो 16x − 24. निम्मा केला की 8x − 12, म्हणजे तिच्या खालच्या ओळीचं पहिलं पद सोडून उरलेली अख्खी शेपटी. फरक दोन शेजारच्या रकान्यांत आला आणि त्याचा निम्मा एखाद्या ओळीच्या शेपटीशी जुळला, तर समजायचं की वजाबाकीचं चिन्ह फक्त पहिल्या पदाला लागलं, कंसातल्या बाकीच्या पदांपर्यंत पोचलंच नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते ताळ्यातून मिळणारी ही सर्वांत उपयोगी माहिती आहे. चिन्हाची चूक वजाबाकीत होते तशी गुणाकारातही होते. समजा त्याच मुलीने −4 ला −2x ने गुणताना +8x ऐवजी −8x लिहिलं आणि पुढची वजाबाकी बरोबर केली. 2x मधून −8x गेले, 10x उरले, बाकी 10x + 5 आली. ताळ्यातला फरक 16x, निम्मा 8x. रकाना तोच, आकडाही तोच. पण तिच्या ओळीत लिहिलेलं पद −8x आहे. फरकाचा निम्मा +8x आणि लिहिलेलं पद −8x, चिन्हं उलटी. आधीच्या दोन्ही उदाहरणांत फरकाचा निम्मा आणि लिहिलेलं पद एकाच चिन्हाचे होते. म्हणजे चिन्ह सारखं असेल तर वजाबाकी चुकली, उलटं असेल तर ती ओळ लिहितानाचा गुणाकार चुकला. मात्र फरक काढताना ताळ्यातल्या बहुपदीतून मूळ भाज्य वजा करायचं, उलट नाही. क्रम बदलला की ही खूणही उलटी वाचली जाईल.

पद गाळल्याच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्याही दोन प्रकारच्या आहेत.

सोपा प्रकार म्हणजे वरून पद खाली घ्यायला विसरणं. आपल्या उदाहरणात दुसऱ्या ओळीसाठी 5x खाली उतरवायचं राहिलं असं धरा. मग x³ − 6x² मधून x³ − 2x² + 3x वजा होऊन −4x² − 3x उरतं. पुढे −7 खाली येतं, आणि शेवटी बाकी −11x + 5 येते. भागफल बरोबरच असतं. ताळ्यातला फरक −5x. हे न उतरवलेलंच पद आहे, फक्त चिन्ह उलटं. इथे निम्मं करायचं काही नाही. सगळे सहगुणक पूर्णांक असतील आणि फरक विषम असेल, तर ती चिन्हाची चूक असूच शकत नाही, कारण 2b नेहमी सम असतं. मग आधी न उतरवलेलं पद शोधायचं.

दुसरा प्रकार म्हणजे 0x² ची जागाच न ठेवणं. मूळ भाज्यात x² चं पद नाही. मुलगा 2x⁴ − 3x³ + 5x − 7 असंच सलग मांडतो. 2x² ने गुणल्यावर 2x⁴ − 4x³ + 6x² ही ओळ येते आणि 6x² ला बसायला रकाना नसतो. ते 5x च्या खाली जाऊन बसतं. 5 मधून 6 गेले, −1 उरलं, तो −x लिहितो. पुढच्या ओळीतही तसंच: x³ − 2x² + 3x मधलं −2x² हे −x च्या खाली आणि 3x हे −7 च्या खाली. शेवटी x − 10 उरतं, त्याची कोटी भाजकापेक्षा कमी, म्हणून तो थांबतो. भागफल 2x² + x, बाकी x − 10. सगळं अगदी सुबक दिसतं, आणि भागाकार एक ओळ आधीच संपल्याचा आनंदही होतो.

परत गुणून पाहिलं तर 2x⁴ − 3x³ + 4x² + 4x − 10 येतं. मूळ भाज्याशी फरक: 4x² − x − 3. यातले −1 आणि −3 हे विषम आहेत, म्हणजे ही नुसती चिन्हाची चूक नाही. पण तिन्ही सहगुणकांची बेरीज करा: 4 − 1 − 3 = 0. ही रकाना घसरल्याची खूण आहे. जे x² मधून वजा व्हायला हवं होतं ते x मधून वजा झालं, म्हणजे एका रकान्यात जितकं जास्त राहिलं तितकंच दुसऱ्यात कमी झालं. एकूण बेरीज तीच राहते. फरक दोनतीन लगतच्या रकान्यांत पसरलेला आणि त्याची बेरीज शून्य, असं दिसलं की ओळी तपासत बसू नका. सरळ भाज्य आणि भाजक पाहा. कोणता घात मधूनच गायब आहे? भाजकातही तो असू शकतो. x² + 3 ने भागताना x² + 0x + 3 लिहिलं नाही, तरी हीच घसरण होते.

परीक्षेत एवढा पूर्ण गुणाकार करायला वेळ नसतो, म्हणून मुलं x = 1 ठेवून झटपट ताळा घेतात. सहगुणकांची नुसती बेरीज करायची असल्याने ते सोपं जातं. भाज्य: 2 − 3 + 5 − 7 = −3. भाजक: 1 − 2 + 3 = 2. बरोबर भागफलाची बेरीज −1, बाकीची −1. 2 × (−1) + (−1) = −3. जुळलं. पहिल्या मुलाच्या उत्तरात भागफलाची बेरीज −25 आणि बाकीची 39 होते. 2 × (−25) + 39 = −11. फरक −8, निम्मा −4. इथेही पत्ता मिळतो, फक्त रकाना कळत नाही, −4 हे पद ओळींत स्वतः शोधावं लागतं.

पण रकाना घसरलेल्या उत्तराला हाच ताळा लावा. भागफल 2x² + x ची बेरीज 3, बाकी x − 10 ची बेरीज −9. 2 × 3 − 9 = −3. जुळलं! उत्तर साफ चुकीचं, आणि ताळा बरोबर. कारण वर आलंच आहे: x = 1 ठेवल्यावर x², x आणि स्थिरपद यांत काही फरकच उरत नाही, त्यामुळे पद एका रकान्यातून दुसऱ्यात गेलं तरी बेरजेला ते कळत नाही. गाळलेलं शून्य पकडण्यासाठी x = 1 कामाचं नाही, हे मी मुलांकडून वहीत लिहून घेते.

त्यासाठी x = 2 ठेवा. भाज्य 32 − 24 + 10 − 7 = 11. भाजक 4 − 4 + 3 = 3. घसरलेल्या उत्तरात भागफल 10, बाकी −8, म्हणजे 30 − 8 = 22. कुठे 11 आणि कुठे 22. बरोबर उत्तरात 3 × 6 − 7 = 11. x = −1 चालतं का, असं मुलं विचारतात, कारण ते सोपं पडतं. या उदाहरणात ते चूक पकडतं, −7 च्या जागी −5 येतं. पण पद दोन रकाने घसरलं, उदाहरणार्थ x³ चं x मध्ये गेलं, तर x = −1 लाही ते दिसत नाही, कारण दोन्हीची किंमत −1 च येते. म्हणून भाज्यात एखादा घात गाळलेला दिसला की मी x = 2 चाच आग्रह धरते.

किंमत निवडताना आणखी एक पाहायचं. त्या किमतीला भाजक शून्य होता कामा नये. भाजक x − 1 असेल आणि तुम्ही x = 1 ठेवलं, तर भागफल काहीही असो, त्याला शून्याने गुणलं जाणार. शेष सिद्धांतानुसार बाकी बरोबर आहे की नाही तेवढं कळेल. पण कच्च्या कामात −4 आलं आणि उत्तर लिहिताना भागफलात +4 लिहिलं गेलं, तर ते या ताळ्यातून सुटून जाईल.

चालता चालता ओळ तपासायची असेल तर प्रत्येक वजाबाकीनंतर वरच्या ओळीची बेरीज ही खालची ओळ आणि उरलेली ओळ यांच्या बेरजेइतकी आहे का ते पाहावं. पहिल्या टप्प्यात वर 2 − 3 + 0 = −1, खाली 2 − 4 + 6 = 4, उरलेले 1 − 6 = −5. 4 − 5 = −1, ठीक. −7x³ लिहिणाऱ्या मुलाकडे उरलेल्याची बेरीज −13 झाली असती, 4 − 13 = −9, आणि चूक तिथेच सापडली असती. याने वजाबाकीची चिन्हं पकडली जातात. गुणाकारातली चूक आणि घसरलेला रकाना याने कळत नाही.

कागदावरच्या सवयींबद्दल थोडंसं. चिन्हाच्या निम्म्याअधिक चुका मला एकाच जागी दिसतात: मुलं खालच्या ओळीचं चिन्ह बदलताना जुन्या चिन्हावरच नवं गिरवतात. उणेवर उभी रेघ मारली की अधिक होतं, ते ठीक. पण अधिकचं उणे करायला काही पुसता येत नाही, म्हणून ते तसंच राहतं आणि पुढच्या नजरेत अधिकच वाचलं जातं. बदललेली चिन्हं ओळीच्या खाली, प्रत्येक पदाखाली एक, अशी वेगळ्या ओळीत लिहावीत आणि मूळ चिन्हाला हात लावू नये. म्हणजे ताळ्यात फरक आला की गुणाकारात काय चिन्ह होतं आणि वजा करताना काय केलं, हे दोन्ही कागदावर शाबूत सापडतं. रकान्यांसाठी चौकटीची वही उत्तम. ती नसेल तर रेघी वही आडवी धरावी, रेघा उभ्या होतात आणि प्रत्येक घाताला आयता रकाना मिळतो. भागायला सुरुवात करण्याआधीच सगळ्यात वर x⁴, x³, x², x, स्थिरपद अशी नावं घालून घ्यावीत. गायब घात तिथेच डोळ्यात भरतो.

या रीतीच्या मर्यादाही सांगते. दोन स्वतंत्र चुका एकाच रकान्यात झाल्या तर फरक मिसळतो आणि निम्मा करून काही सापडत नाही. अशा वेळी भागफलाचं फक्त पहिलं पद घेऊन ताळा घ्यावा: भाजक × पहिलं पद, अधिक पहिल्या वजाबाकीनंतर उरलेलं सगळं, न उतरवलेल्या पदांसह. हे मूळ भाज्याइतकं यायलाच हवं. आलं तर पहिली दोन पदं घेऊन दुसऱ्या टप्प्यावर तेच करा. जिथे पहिल्यांदा जुळत नाही, ती ओळ चुकीची. भाजकाचा पहिला सहगुणक 1 नसेल, जसं 3x² − x + 2, तर मध्ये अपूर्णांक येऊ शकतात आणि सम-विषमची खूण निरुपयोगी होते. निम्मं करण्याची रीत मात्र तशीच लागू राहते.

आणि ताळा जुळूनही उत्तर अपुरं असू शकतं. वरच्याच उदाहरणात कोणी भागफल 2x² + x आणि बाकी −4x² + 2x − 7 लिहून थांबलं, तर गुणून मिळवल्यावर मूळ भाज्य अगदी तंतोतंत येतं, x = 1 आणि x = 2 दोन्हीला. गणितात चूक नाही, पण भागाकार संपलेला नाही, कारण बाकीची कोटी 2 आहे आणि भाजकाचीही 2 च. म्हणून ताळ्याच्या आधी बाकीकडे एकदा पाहावं. तिची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी असेल, किंवा बाकी शून्य असेल, तरच थांबायचं. नसेल तर अजून एक ओळ शिल्लक आहे.